पत्र 15 जुलैला पोचलं: इंग्रजी निकालाचा मराठी सारांश लिहिताना फॅक्ट्स कुठं संपतात आणि कोर्टाचं डोकं कुठं सुरू होतं

आपल्याकडं तालुक्याच्या गावातून लॉ करणारी पोरं बरीच आहेत, बारावीपर्यंत मराठी मीडियम, मग बीए, मग तीन वर्षाचं एलएलबी, आणि पहिल्याच सेमिस्टरला हातात येतो 1903 सालचा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सगळ्यात वरच्या कोर्टाचा, इंग्रजी निकाल. मग काय, दोन-तीन वेळा वाचून, एखादं गाईड बघून मराठीत सारांश लिहून आणतात. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या केसचा सारांश मी असा खूपदा तपासला आणि त्यात जवळपास ठरलेलं एक वाक्य असतं: "ब्रह्मो दत्तला मुलगा अज्ञान आहे हे माहीत असूनही त्यानं गहाणखत करून घेतलं म्हणून कोर्टानं ते व्हॉइड ठरवलं."

अज्ञान म्हणजे अजून सज्ञान न झालेला, आणि व्हॉइड म्हणजे कायद्याच्या लेखी मुळातच नसलेला. वाचायला एकदम बरोबर वाटते ना? पण वाक्य चूक आहे. त्यातलं "म्हणून" चूक आहे. फॅक्ट खरी, निकाल खरा, पण या फॅक्टमुळं हा निकाल लागला असं कोर्ट कुठंच म्हणत नाही. परीक्षेत आणि पुढं कोर्टात पण हीच चूक महागात पडते, म्हणून ही एकच केस घेऊन नीट बघू, बाकी केसेसना तुम्ही स्वतः हीच पद्धत लावू शकता.

आधी घडलं काय ते. सगळी घटना कलकत्त्याची. धर्मोदास घोष हा घरमालक, पण वयानं अजून सज्ञान झालेला नाही. 20 जुलै 1895 ला त्यानं आपली घरं ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराला गहाण लिहून दिली, रक्कम 20,000 रुपये, व्याज 12 टक्के. प्रत्यक्षात हातात किती पैसे पडले यावर दोन्ही बाजूंचा वाद होता. ब्रह्मो दत्त तेव्हा कलकत्त्यात नव्हताच, सगळा व्यवहार त्याचा अ‍ॅटर्नी केदारनाथ मित्तर यानं केला आणि पैसे ब्रह्मो दत्तच्या तिथल्या मॅनेजरनं दिले. गहाणखताच्या पाच दिवस आधी, म्हणजे 15 जुलैला, मुलाच्या आईच्या वकिलाचं पत्र केदारनाथला आलं होतं, की आई ही या मुलाची हायकोर्टानं नेमलेली गार्डियन आहे, मुलगा अजून 21 वर्षाखालचा आहे, त्याला कोणी पैसे दिले तर ती जोखीम देणाऱ्याची. तरी पण गहाणखत झालं, आणि त्या वेळी मुलाकडून एक डिक्लेरेशन लिहून घेतलं की मी 17 जूनला सज्ञान झालो. मग 10 सप्टेंबर 1895 ला आईमार्फत मुलानं दावा लावला की मी अज्ञान होतो, गहाणखत व्हॉइड ठरवून रद्द करा. प्रिव्ही कौन्सिलमध्ये अपील केल्यावर ब्रह्मो दत्त वारला, मग त्याच्या एक्झिक्युटरांनी, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणं इस्टेट बघणाऱ्यांनी, अपील पुढं चालवलं आणि म्हणून निकालावर मोहोरी बीबीचं नाव आहे.

आता इथं वय 21 काऊन, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. इंडियन मेजॉरिटी अ‍ॅक्ट 1875 मध्ये तेव्हा असं होतं की एरवी 18 ला माणूस सज्ञान, पण कोर्टानं गार्डियन नेमला असेल तर 21 ला. 1999 च्या दुरुस्तीनं तो फरक काढला आणि आता सगळ्यांना 18. म्हणजे आई गार्डियन होती ही फॅक्ट भावनिक वाटते पण ती भावनिक नाही, तिच्यावर मुलाचं वय ठरते. सारांशात ती ठेवायची. उलट घरं कुठल्या भागात होती, मॅनेजरचं नाव काय, हे उडवलं तरी चालते.

मग कोणती फॅक्ट ठेवायची आणि कोणती सोडायची हे ठरवायचं कसं? वरून वाचून ठरत नाही. आधी कोर्टाचं तर्क वाचायचं, त्याच्या पायऱ्या वेगळ्या काढायच्या, मग प्रत्येक पायरीला विचारायचं की बाई तू कोणत्या फॅक्टवर उभी आहेस. म्हणजे लिहिताना फॅक्ट्स पहिले येतात पण ठरवताना शेवटी. बहुतेक जण उलटं करून राहिले, पहिल्या पानापासून एकेक वाक्य मराठी करत जातात, आणि मग फॅक्ट्स दीड पान आणि तर्क चार ओळी असं होते.

तर तर्काच्या पायऱ्या बघू. निकाल सर फोर्ड नॉर्थ यांनी दिला, मार्च 1903 मध्ये. त्याआधी जस्टिस जेन्किन्स यांनी मुलाच्या बाजूनं निकाल दिला होता आणि हायकोर्टाच्या अपिलात पण तोच कायम राहिला होता. सावकाराची बाजू प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेली तेव्हा त्यांच्या वकिलांनी एकामागून एक दारं ठोठावली, आणि निकाल म्हणजे त्या प्रत्येक दाराला दिलेलं उत्तर आहे. म्हणून तर्क शोधायचं सोपं साधन हे, की आधी विचारायचं सावकार काय मागून राहिला होता.

पहिलं: केदारनाथला माहीत असेल पण ब्रह्मो दत्तला तर माहीत नव्हतं ना, असं म्हणणं होतं. कोर्ट म्हणते की ब्रह्मो दत्त स्वतः व्यवहारात नव्हताच, त्याच्या जागी सगळं केदारनाथनं केलं, म्हणून केदारनाथला जे माहीत ते ब्रह्मो दत्तला माहीत असंच धरायचं. आणि केदारनाथला माहीत होतं का? केदारनाथ तर साफ नाही म्हणाला, मला पत्र मिळालंच नाही. पण खालच्या दोन्ही कोर्टांनी पुराव्यावरून मानलं की 15 जुलैला पत्र त्याच्या स्वतःच्या हातात पडलं. इथं लिहिताना सांभाळा. "केदारनाथला पत्र मिळालं" असं नुसतं लिहू नका आणि "केदारनाथच्या म्हणण्यानुसार पत्र मिळालं नाही" एवढ्यावर पण थांबू नका. लिहायचं असं: "केदारनाथनं नाकारलं, पण दोन्ही कोर्टांनी पत्र त्याला मिळाल्याचं मानलं." दावा कोणाचा आणि मानलं कोणी हे दोन्ही एका वाक्यात आलं. वादातली गोष्ट कोर्टानं मानली की ती फाइंडिंग होते, आणि फाइंडिंग सारांशात फॅक्टच्या भागात जाते, तर्काच्या भागात नाही.

दुसरं: एस्टॉपल. एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम 115, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 121 आहे. सोप्या भाषेत, तू मला एक गोष्ट खरी म्हणून सांगितली, मी त्यावर विश्वास ठेवून वागलो, आता तुला पलटता येणार नाही. सावकार म्हणे मुलानं लिहून दिलं ना की मी सज्ञान आहे, मग आता अज्ञान होतो कसं म्हणते? कोर्टाचं उत्तर असं की ज्याला खरं काय ते आधीच माहीत आहे तो फसलाच नाही, आणि दोघांना पण खरं माहीत असेल तिथं एस्टॉपल येत नाही.

इथं थांबा, कारण या केसमधली सगळ्यात मोठी गफलत इथंच होते. खालच्या कोर्टांचा कल असा होता की कलम 115 अज्ञान मुलांना लागूच होत नाही. प्रिव्ही कौन्सिल म्हणते त्या प्रश्नात आम्हाला आत्ता जायची गरज वाटत नाही. म्हणजे तो प्रश्न त्यांनी उघडाच ठेवला. आणि आपली पोरं लिहितात, "मोहोरी बीबी केसमध्ये ठरलं की अज्ञान व्यक्तीविरुद्ध एस्टॉपल लागत नाही." नाही ठरलं बाप्पा! ठरलं एवढंच की समोरच्याला खरं माहीत होतं म्हणून या केसमध्ये लागत नाही. कोर्टानं जे मुद्दाम ठरवलं नाही ते पण सारांशात एका ओळीत लिहायचं, की हा प्रश्न कोर्टानं उघडा ठेवला. ती ओळ ज्याच्या सारांशात दिसते त्यानं निकाल स्वतः वाचला हे तपासणाऱ्याला लगेच कळते.

तिसरं, आणि खरं वजन इथं आहे: सावकार म्हणे, ठीक आहे, करार रद्द करा, पण मग काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 64 प्रमाणं माझे पैसे परत द्या. कलम 64 म्हणते की व्हॉइडेबल करार, म्हणजे ज्याला एक बाजू हवं तर मोडू शकते असा करार, मोडला तर मिळालेला फायदा परत करायचा. तेव्हा अज्ञान माणसाचा करार व्हॉइड की व्हॉइडेबल यावर हिंदुस्थानातल्या कोर्टांत एकमत नव्हतं. मग प्रिव्ही कौन्सिलनं कायद्याचंच पुस्तक उघडलं. कलम 10 म्हणते करार व्हायला दोन्ही बाजू सक्षम पाहिजेत. कलम 11 म्हणते सक्षम तोच जो सज्ञान आहे. मग कलम 68 बघा, अज्ञान माणसाला त्याच्या राहणीला साजेशा गरजेच्या वस्तू कोणी दिल्या तरी त्याची भरपाई त्याच्या मालमत्तेतून मिळते, त्याच्या अंगावर वैयक्तिक जबाबदारी येत नाही. पार्टनरशिपची कलमं तेव्हा याच कायद्यात होती, त्यात पण अज्ञान मुलाला वैयक्तिक जबाबदार धरलेलं नाही. हे सगळं एकत्र वाचून कोर्ट म्हणते, अज्ञान माणूस या कायद्याच्या अर्थानं करार करूच शकत नाही. करार झालाच नाही तर मोडायचं काय? व्हॉइडेबलचा प्रश्नच उरत नाही, कलम 64 गेलं.

आता या पायरीला विचारा, तू कोणत्या फॅक्टवर उभी आहेस? फक्त एका: मुलगा अज्ञान होता. बस. पत्र नाही, केदारनाथ नाही, खोटं डिक्लेरेशन नाही. सावकाराला माहीत नसतं, तो अगदी साधाभोळा माणूस असता, तरी पण करार व्हॉइडच. म्हणून मी वर म्हटलं की पोरांच्या वाक्यातलं "म्हणून" चूक आहे. ते वाक्य वाचून कोणी पण समजेल की सावकाराला माहीत नसतं तर करार टिकला असता, आणि ते तर निकालाच्या एकदम उलट आहे.

चौथं: कलम 65, करार व्हॉइड निघाला तर घेतलेलं परत करा. कोर्ट म्हणते हे कलम सक्षम माणसांमधल्या व्यवहारापासून सुरू होते, इथं सुरुवातच नाही. हे लवकर संपते, सारांशात पण एका वाक्यात संपवा.

पाचवं: स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट 1877, कलम 41. दस्त रद्द करताना, न्यायाच्या दृष्टीनं गरज वाटली तर, कोर्ट दुसऱ्या बाजूला भरपाई द्यायला लावू शकते. "शकते", म्हणजे तो कोर्टाचा विवेक. आणि इथं पत्र परत येते! खालच्या कोर्टांनी म्हटलं होतं की मुलगा अज्ञान आहे हे पूर्ण माहीत असून ज्यानं पैसे दिले त्याला ते परत द्यायला लावावं असं न्यायाला वाटत नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलनं त्यात हात घातला नाही. इक्विटीच्या, म्हणजे न्यायबुद्धीच्या नियमांच्या, नावानं पण एक प्रयत्न झाला, की न्याय मागायला आलास तर तू पण न्यायानं वाग, पैसे परत कर. तो पण चालला नाही, जे कायद्यानं व्हॉइड आहे त्याचे पैसे इक्विटीच्या दारातून वसूल करू देणार नाही असा त्याचा मथितार्थ.

आता सगळं समोर ठेवून बघा, एकच पत्र आहे पण ते निकालात दोन ठिकाणी कामाला येते आणि तिसऱ्या, सगळ्यात महत्त्वाच्या ठिकाणी अजिबात येत नाही. एस्टॉपलमध्ये आलं, कारण माहीत असलेला माणूस फसत नाही. भरपाईत आलं, कारण माहीत असून पैसे दिले. करार व्हॉइड ठरण्यात आलं नाही. फॅक्ट्स आणि तर्क वेगळे ठेवा म्हणतात ते पानावर दोन हेडिंग टाकण्यासाठी नाही, हे असं कनेक्शन दिसावं म्हणून. दोन हेडिंग टाकून पण खाली खिचडी करणारे भरपूर पाहिले.

तपासायची युक्ती एकच आणि ती पेन्सिल घेऊन करायची. फॅक्ट मनातल्या मनात बदला आणि बघा कोणती पायरी पडते. पत्र आलंच नसतं असं धरा. व्हॉइडची पायरी उभीच राहिली. एस्टॉपलची पडली, आणि तिथं मग कोर्टाला तो उघडा ठेवलेला प्रश्न सोडवावा लागला असता. भरपाईची डळमळली, कदाचित कोर्टानं काही रक्कम परत द्यायला लावली असती. आता गहाणखताची रक्कम 20,000 ऐवजी 5,000 धरा. कोणतीच पायरी हलत नाही, म्हणजे रक्कम ही बॅकग्राउंड, लिहा पण एका ओळीत. मुलगा 22 वर्षाचा धरा, तर सगळंच कोसळते. पिकाला जसं एक मुख्य खोड असते आणि बाकी फांद्या, तसं वय हे इथं खोड आहे.

सारांशाच्या भाषेबद्दल थोडं, कारण इंग्रजी निकालात कोण बोलून राहिलं हे वाक्याच्या सुरुवातीला लपलेलं असते. "इट वॉज कन्टेन्डेड", "इट वॉज आर्ग्यूड" अशी सुरुवात दिसली की पुढचं सगळं वकिलाचं, कोर्टाचं नाही. "देअर लॉर्डशिप्स आर ऑफ ओपिनियन", "इन देअर लॉर्डशिप्स व्ह्यू" दिसलं की कोर्टाचं. आणि मधेच खालच्या कोर्टानं काय म्हटलं ते येते, ते तिसरंच. मराठीत आणताना प्रत्येक वाक्याला मालक द्या: "सावकाराचं म्हणणं", "खालच्या कोर्टानं मानलं", "प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं". वाक्य जरा जड होते, होऊ द्या. एका पोरीनं मला विचारलं होतं, "मॅडम, सगळीकडं 'कोर्ट म्हणते' लिहिलं तर चालते ना?" चालत नाही बेटा, कारण या एका निकालात तीन कोर्ट आहेत आणि एस्टॉपलवर खालची कोर्टं एक म्हणून राहिली आणि वरचं कोर्ट त्याबद्दल बोलायलाच तयार नाही.

तर मी लिहिला असता तर तर्काचा भाग साधारण असा लिहिला असता:

"प्रश्न: अज्ञान व्यक्तीनं केलेलं गहाणखत व्हॉइड की व्हॉइडेबल, आणि ते रद्द झालं तर घेतलेले पैसे परत करावे लागतील का? प्रिव्ही कौन्सिलनं ठरवलं की काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 10 आणि 11 प्रमाणं करारासाठी पक्ष सक्षम असणं आवश्यक आहे आणि अज्ञान व्यक्ती सक्षम नाही, म्हणून असा करार सुरुवातीपासूनच व्हॉइड आहे. त्यामुळं व्हॉइडेबल करारासाठी असलेलं कलम 64 लागू नाही, आणि सक्षम पक्षांना गृहीत धरणारं कलम 65 पण लागू नाही. वयाबद्दलच्या खोट्या निवेदनामुळं एस्टॉपल येत नाही, कारण सावकाराच्या एजंटला खरी स्थिती माहीत होती. अज्ञान व्यक्तीला एस्टॉपल मुळात लागू होते का, हे ठरवलं नाही. भरपाई हा कोर्टाच्या विवेकाचा विषय. माहीत असून पैसे दिल्यामुळं खालच्या कोर्टांनी ती नाकारली, त्यात हस्तक्षेप केला नाही."

बघा, यात तारीख नाही, कलकत्ता नाही, 12 टक्के नाही. फॅक्टचा फक्त तेवढाच तुकडा आला जेवढा पायरीला लागतो, "एजंटला माहीत होतं". बाकी सगळं वरच्या फॅक्टच्या परिच्छेदात राहिलं.

यातला पहिला भाग, व्हॉइडवाला, तो रेशो, म्हणजे पुढच्या केसेसमध्ये लागू होणारा नियम. भरपाईचा भाग या केसच्या परिस्थितीला बांधलेला आहे, तो नियम म्हणून लिहू नका. "अज्ञान माणसाला कधीच पैसे परत करावे लागत नाहीत" हे वाक्य मोहोरी बीबीच्या नावावर खपवतात, पण कोर्टानं तसं म्हटलं नाही, म्हटलं ते एवढंच की इथं, माहीत असून दिले म्हणून, द्यायला लावणार नाही.

आणि नंतर काय झालं ते वेगळ्या परिच्छेदात, निकालाच्या आत नाही. 1928 मध्ये लाहोर हायकोर्टाच्या फुल बेंचनं खान गुल विरुद्ध लाखा सिंग मध्ये म्हटलं की वय खोटं सांगून फायदा घेतला असेल तर कोर्ट तो परत करायला लावू शकते. 1963 च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम 33 मध्ये तर ते कायद्यातच आलं, की दस्त रद्द करून घेणाऱ्याकडून मिळालेला फायदा परत करवता येतो, आणि अज्ञान प्रतिवादीकडून पण त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा फायदा झाला तेवढ्यापुरतं परत घेता येते. पोरं हे मोहोरी बीबीच्या सारांशात घुसवतात, म्हणजे 1903 च्या कोर्टाच्या तोंडी 1963 चा कायदा. तो आकडा दिसला की तपासणारा तिथंच लाल पेन उचलते.

आता तुम्ही करून बघा. समजा चिमूरकडचा 17 वर्षाचा मुलगा, वडील वारले, तीन एकर वावर त्याच्या नावावर सातबाऱ्यावर आलं. बियाण्याला पैसे पाहिजे म्हणून त्यानं एका सावकाराकडून कर्ज घेऊन गहाणखत लिहून दिलं, सांगितलं मी 19 चा आहे, आधार कार्ड घरी राहिलं. सावकाराला खरंच माहीत नाही. पैसे कपाशीच्या पेरणीत गेले, पीक आलं, विकलं. पुढच्या वर्षी आईमार्फत दावा. यात मोहोरी बीबीची कोणती पायरी जशीच्या तशी लागते, कोणती लागत नाही, आणि कोणत्या ठिकाणी तुम्हाला 1963 च्या कलम 33 कडं जावं लागते, हे तीन वाक्यात लिहून बघा, आणि प्रत्येक वाक्यात ती पायरी कोणत्या फॅक्टमुळं लागते किंवा लागत नाही ते पण लिहा.